11 बाय 10 च्या खोलीत ट्रेडमिल, रॅक आणि बेंच: मापं जुळताहेत, तरी शंका आहे

ओंकार_धायरी

नमस्कार मंडळी. मुलीची जुनी खोली रिकामी झाली आहे, तिथे घरचा व्यायाम सुरू करायचा आहे. बिल्डरच्या नकाशात खोली 11 बाय 10 फूट आहे. मी स्वतः टेपने मोजली तर लांबी 335 सेंमी आणि रुंदी 301 सेंमी भरली.

घ्यायच्या वस्तू अशा. बाबांसाठी घडीची ट्रेडमिल, 175 लांब आणि 76 रुंद. त्यांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलंय आणि पावसाळ्यात आमच्या रस्त्यावर ते शक्य होत नाही. माझ्यासाठी आणि मुग्धासाठी पॉवर रॅक, 122 रुंद आणि 120 खोल. सोबत 7 फुटी बार, प्लेट आणि 122 सेंमी लांबीचं बेंच.

आलेखाच्या कागदावर आराखडा काढलाय. खोली कशी आहे ते शब्दांत सांगतो. पश्चिमेच्या भिंतीत उत्तरेच्या कोपऱ्याला लागून दार आहे, ते आत उघडून उत्तर भिंतीला टेकतं. पूर्वेला खिडकी. मी रॅक आग्नेय कोपऱ्यात बसवलाय, पाठ पूर्व भिंतीला आणि दक्षिण भिंतीपासून 10 सेंमी सोडून. ट्रेडमिल उत्तर भिंतीलगत, तोंड खिडकीकडे. सगळ्यांचं क्षेत्रफळ धरलं तर साडेतीन चौरस मीटरच्या आत बसतं आणि खोली 10 चौरस मीटरची आहे. म्हणजे दोन तृतीयांश खोली मोकळी. तरी बाबा म्हणतात, "मला हे अडचणीचं वाटतंय." पुढच्या आठवड्यात ऑर्डर द्यायची आहे, म्हणून आधी विचारतोय.

गिरीश_ठाणे

ओंकार, गणित बरोबर आहे. आमच्या सोसायटीत जिम केली तेव्हा ठेकेदाराने सांगितलं होतं की यंत्रांनी निम्म्यापेक्षा जास्त जमीन व्यापली नाही म्हणजे झालं. तुझी तर एक तृतीयांशच व्यापते आहे. बिनधास्त ऑर्डर दे.

मीनल कुलकर्णी

आमच्या वरच्या मजल्यावर एकांनी असंच सुरू केलंय आणि सकाळी सहाला धाड धाड आवाज येतात. सोसायटीची परवानगी घेतली का? माझ्या मते सगळ्यात आधी तो प्रश्न सोडवावा. रबराची जाड मॅट तरी नक्की घाला.

ओंकार_धायरी

मीनलताई, खालच्या मजल्यावरच्या काकांशी बोललोय. मॅट 20 मिलीमीटरची घेणार आहे आणि प्लेट जमिनीवर टाकायच्या नाहीत असं ठरलंय. इथे माझा प्रश्न फक्त जागेचा आहे.

मापाडी

मी नाशिकला जिमची मांडणी आणि फिटिंग करतो, चौदा वर्षं झाली. ओंकारजी, कृपा करून अजून ऑर्डर देऊ नका. तुमच्या आराखड्यात रॅक बसतो, पण त्यात बार बसत नाही.

कॅटलॉगमध्ये रॅकची रुंदी 122 लिहिलेली असते, ती नुसत्या लोखंडी सांगाड्याची. 7 फुटी ऑलिम्पिक बार 220 सेंमीचा असतो. म्हणजे रॅकच्या दोन्ही बाजूंना तो 49-49 सेंमी बाहेर येणार. तुम्ही दक्षिण भिंतीपासून 10 सेंमी सोडलेत. बार हुकांवर ठेवायला जाल तेव्हा त्याचं टोक भिंतीत घुसेल.

बरं, रॅक सरकवायचा म्हटला तरी नुसते 49 सेंमी पुरत नाहीत. प्लेट बारच्या टोकावरून आत सरकवायची असते, तेव्हा 20 किलोची प्लेट दोन्ही हातांत धरलेला माणूस त्या टोकापाशी उभा राहिला पाहिजे. टोकापासून भिंतीपर्यंत 60 सेंमी असले की आरामात होतं. 40 मध्ये तिरकं उभं राहून जमतं. 30 च्या खाली प्रत्येक वेळी बोटांची सालं निघतात आणि चार महिन्यांनी माणूस प्लेट बदलायचाच कंटाळा करतो.

आता तुमच्या 301 रुंदीत बार आडवा ठेवला तर 81 उरतात, दोन्हीकडे 40-40. म्हणजे रॅक खोलीच्या बरोबर मध्ये आला, आणि उत्तर भिंतीलगतची ट्रेडमिल बारच्या खाली आली. निम्म्या जागेचा नियम इथे उपयोगी पडत नाही. जमिनीचं क्षेत्रफळ शिल्लक असतं, पण ते हवं तिथे नसतं.

गिरीश_ठाणे

हे लक्षात आलं नव्हतं, मान्य. मग बारच लहान घ्यावा. 5 फुटी बार सगळीकडे मिळतो, स्वस्तही असतो. 68 सेंमी वाचतात की.

मापाडी

गिरीशभाऊ, दिशा बरोबर आहे पण तिथे एक फसगत आहे, आणि ती मी गिऱ्हाइकांच्या घरी तीन वेळा पाहिली आहे. बारची एकूण लांबी बघून चालत नाही, दोन कॉलरांमधला मधला दांडा किती लांब आहे ते बघायचं. हुकांवर तोच टेकतो. रॅक बाहेरून 122 असेल तर मधला दांडा त्याहून लांब हवा, नाहीतर प्लेट लावायचा जाड भाग खांबांवर आपटतो किंवा बार बसतच नाही. 5 फुटी बारचा मधला दांडा बहुतेक मीटरभराच्या आसपासच असतो. तो उघड्या स्टँडवर चालेल, या रॅकमध्ये नाही.

ऑलिम्पिक बारमध्ये हे अंतर 131 सेंमी असतं. महत्त्वाचं म्हणजे बायकांच्या 15 किलोच्या ऑलिम्पिक बारमध्येही ते 131 च असतं. त्याची एकूण लांबी मात्र 201 सेंमी. फक्त टोकाचे भाग आखूड असतात, प्रत्येकी 41 ऐवजी 32 सेंमी. म्हणजे त्याच रॅकमध्ये तो नीट बसतो, प्लेटही त्याच लागतात, आणि 19 सेंमी जागा सुटते. दांडा 25 मिलीमीटरचा म्हणजे थोडा बारीक असतो, हाताला सवय करावी लागते. लोखंडी प्लेट असतील तर 32 सेंमीत घरच्या व्यायामाला पुरेल इतकं वजन सहज बसतं. जाड रबरी प्लेट घेणार असाल तर मात्र आधी प्लेटची जाडी मोजा.

मुग्धा_धायरी

मी ओंकारची बायको, खास यासाठी खातं उघडलं. 15 किलोचा बार मला सुरुवातीला 20 पेक्षा बराच सोयीचा पडेल. तर तो घ्यायचा हे आमच्याकडून ठरलं. आता मापाडीदादा, रॅक ठेवायचा कुठे?

मापाडी

ताई, रॅक फिरवा. पाठ दक्षिण भिंतीला, म्हणजे बार खोलीच्या लांबीच्या दिशेने येईल. 335 मधून 201 गेले की 134 उरतात, रॅक मधोमध ठेवला तर दोन्हीकडे 67. प्लेट लावायला भरपूर.

आता रुंदीचा हिशोब. दक्षिण भिंतीच्या तळाला स्कर्टिंगची पट्टी असणार आणि रॅकच्या बोल्टची टोकं मागे येतात, म्हणून 5 सेंमी सोडा. रॅक 120. इथे 125 झाले. त्यापुढे रॅक आणि ट्रेडमिल यांच्यात 50, मग ट्रेडमिल 76, मग उत्तर भिंतीपर्यंत पुन्हा 50. बेरीज बरोबर 301.

ट्रेडमिलच्या दोन्ही बाजूंना अर्धा मीटर मी मनाने धरलेला नाही, बहुतेक ट्रेडमिलच्या पुस्तिकेतच ते छापलेलं असतं. तोल गेला तर माणूस बाजूच्या पट्टीवर पाय टाकून खाली उतरतो, तिथे भिंत नको.

आडवाटेचा

आमच्या मडगावच्या घरी पडवीत रोइंग मशीन आहे. 8 फूट लांब आणि 2 फूट रुंद, पण मधून दोन तुकडे होतात आणि उभे करून ठेवता येतात. व्यायाम झाला की पडवी पुन्हा मोकळी. ओंकारबाब, ट्रेडमिलच्या जागी त्याचा विचार करा. पायांवर मार पण कमी.

ओंकार_धायरी

छान पर्याय आहे, पण बाबा 71 वर्षांचे आहेत. जमिनीलगतच्या त्या सीटवर बसणं आणि उठणं त्यांना जमणार नाही. त्यांना चालायचंच आहे.

मापाडीदादा, तुमच्या मापाप्रमाणे आज जमिनीवर कागदी चिकटपट्टी लावून सगळं आखलं. बारऐवजी पीव्हीसी पाइप 201 सेंमीचा कापून आणला. रॅकच्या चौकटीत सतरंजीवर आडवा झालो, डोकं दक्षिणेकडे ठेवून, बेंचवर असल्यासारखे पाय खाली टेकवून. मुग्धाने बुटांच्या टोकापर्यंत मोजलं: दक्षिण भिंतीपासून 195. म्हणजे उत्तर भिंतीपर्यंत 106 उरतात, आणि ट्रेडमिलची कड उत्तर भिंतीपासून 126 वर आहे. माझे पाय 20 सेंमी ट्रेडमिलवर जाताहेत. मग हे बसलं असं कसं म्हणायचं?

मापाडी

तुम्ही आखून, आडवं होऊन बघितलंत, हे फार थोडे लोक करतात. आता यापुढचा भाग नीट समजून घ्या.

प्रत्येक वस्तूभोवती तीन मापं असतात. एक, ती वस्तू जमिनीवर जेवढी टेकते तेवढी जागा. दोन, व्यायाम करताना अंग आणि बार जिथवर पोचतात ती जागा. तिसरी त्याच्याही पुढची मोकळी जागा, चढण्या-उतरण्याची आणि चुकलं तर सुटण्याची. व्यायामाच्या यंत्रांसाठी आयएसओ 20957 हे मानक आहे. त्यात ज्या बाजूने यंत्रावर चढायचं तिकडे ही तिसरी जागा किमान 60 सेंमी धरली आहे, आणि शेजारशेजारच्या दोन यंत्रांनी ती सामाईक वापरली तरी चालते.

घरात याहून सवलत मिळते, कारण एका वेळी एकच जण व्यायाम करतो. म्हणून दुसरी जागाही सामाईक करता येते, अट एकच की मध्ये येणारी वस्तू हलणारी हवी. तुमची ट्रेडमिल घडीची आहे, चाकं आहेत. बाबांचं झालं की घडी घालून उत्तर भिंतीला सरकवा. 76 रुंदी आणि भिंतीपासून 5, असे 81. तुमचे पाय 106 पर्यंत. मध्ये 25 सेंमी राहतात, जाण्यायेण्याची वाट नाही, पण पाय आपटणार नाहीत. उलट बाजूने, बाबा चालत असतील तेव्हा बेंच रॅकच्या आत उभं करून ठेवायचं आणि बारवर प्लेट ठेवायच्या नाहीत.

म्हणजे एकाच खोलीत सकाळची एक मांडणी आणि संध्याकाळची दुसरी. कागदावरही दोन वेगळे आराखडे काढा, एकावर एक चढवू नका.

शिल्पा_फिजिओ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती ज्या मापाचा अजून कुणी उल्लेखच केलेला नाही त्याची. ट्रेडमिलच्या मागे किती जागा राहते?

ओंकार_धायरी

खिडकीच्या भिंतीपासून तोंड 20 सेंमी सोडलंय, वायर आणि प्लगसाठी. 20 आणि 175 म्हणजे 195. मागे पश्चिम भिंतीपर्यंत 140 राहतात.

शिल्पा_फिजिओ

मागे 2 मीटर लागतात. हे अंतरही पुस्तिकेत बाजूच्या अर्ध्या मीटरशेजारीच लिहिलेलं असतं आणि लोक नेमकं तेच सोडून देतात, कारण ती जागा रिकामी आणि वाया गेल्यासारखी दिसते.

पट्टा माणसाला मागे फेकतो. मागे मोकळं असेल तर माणूस जमिनीवर येतो, खरचटतं, उठतो. मागे भिंत असेल तर तो भिंत आणि चालू पट्टा यांच्यात अडकतो, आणि पट्टा फिरतच राहतो. घासून झालेल्या अशा जखमा मी पाहिल्या आहेत, त्यात एक लहान मूलही होतं. वयस्क माणसाला त्या स्थितीतून स्वतःहून उठता येत नाही.

गिरीश_ठाणे

पण शिल्पाताई, काका धावणार नाहीत, 4 च्या वेगाने चालणार आहेत. आणि अंगाला लावायची लाल दोरीची चावी असतेच. ती ओढली गेली की पट्टा थांबतो.

शिल्पा_फिजिओ

ताशी 4 किलोमीटर म्हणजे सेकंदाला मीटरहून थोडं जास्त. 140 सेंमी संपायला वेळ लागत नाही. वेग कमी असला की धोका कमी होतो हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि चावी तर लावलीच पाहिजे. पण चावी लावलीच नाही असे रुग्ण मला जास्त भेटतात. दोन आठवडे लावतात, मग ती हँडलला लटकते.

विन्या_न्यूजर्सी

दार पश्चिम भिंतीतच आहे ना? मग दार उघडं ठेवा. मागची मोकळी जागा दारातून पॅसेजमध्ये जाईल. मी बेसमेंटमध्ये असंच केलंय. 140 अधिक पॅसेजचे मीटरभर, झाले की 2 मीटर.

ओंकार_धायरी

विन्या, कल्पना आवडली म्हणून लगेच जाऊन मोजलं. दाराची मोकळी फट उत्तर भिंतीपासून 10 ते 86 सेंमी आहे. ट्रेडमिल 50 ते 126. म्हणजे पट्ट्याचा मध्य 88 वर येतो आणि तिथे दाराची चौकट आहे.

शिल्पा_फिजिओ

म्हणजे मागे पडणारा माणूस सपाट भिंतीवर नाही, चौकटीच्या कडेवर आपटणार. ते जास्त वाईट. आणि दार आत उघडतं, कुणी बाहेरून ढकललं तर ते ट्रेडमिलच्या मागच्या जागेतच येतं. घरात लहान मुलं येत असतील तर मी याला कधीच हो म्हणणार नाही.

विन्या_न्यूजर्सी

माझं दार बरोबर मागे आणि बाहेर उघडणारं आहे. हा फरक माझ्या लक्षात आला नाही. मग ट्रेडमिल 38 सेंमी उत्तरेला सरकवली तर?

मापाडी

मग उत्तर भिंतीपासून 12 सेंमीच राहतात. एक बाजू गेली. आणि तिरपी ठेवायचा विचार कुणी सुचवण्याआधी सांगतो: खोलीचा कर्ण साधारण 450 भरतो, पण कोपऱ्यात ट्रेडमिलचं तोंड पूर्ण आत जात नाही, 76 रुंदीमुळे ते जवळजवळ 40 सेंमी अलीकडेच अडतं. मागे दुसराही कोपरा निमुळता होत जातो, आणि बाजूला रॅक आडवा येतो. मी दोनदा करून पाहिलंय, पटलं नाही.

शिल्पाताईंशी मी सहमत आहे, थोडा फरक ठेवून. एकटा तरुण माणूस हळू चालणार असेल तर 140 वर मी फिटिंग करून दिलं आहे, लेखी सांगून. 71 वर्षांच्या माणसासाठी मी करणार नाही.

मीनल कुलकर्णी

मग ट्रेडमिल हॉलमध्येच का नको? आमच्याकडे माझी सासू हॉलमध्ये टीव्ही बघत चालते. घडी घातली की सोफ्याच्या मागे जाते.

ओंकार_धायरी

मीनलताई, हॉल मोजला. जेवणाचं टेबल भिंतीकडे सरकवलं तर मागे 230 मिळतात, दोन्ही बाजूंना 60 च्या वर. बाबांना विचारलं. त्यांचं म्हणणं, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर चालायला अवघडल्यासारखं होतं. अजून त्यांच्याशी बोलणं चालू आहे.

दादा_कोल्हापूर

आमच्या तालमीत ट्रेडमिल नव्हती, आणि जागा ठरवायची पद्धत सोपी होती: मुद्गल फिरवून बघायचा, जिथवर पोचतो तिथवर कुणी उभं राहायचं नाही. तुम्ही पाइप घेऊन केलंत तेच. पण वर बघितलंत का? पंखा कुठे आहे?

ओंकार_धायरी

दादा, बरं झालं विचारलंत. पंखा खोलीच्या मध्यावर आहे. पाती जमिनीपासून 252 सेंमीवर. पाइप डोक्यावर पूर्ण ताणून धरला तर तो 212 वर येतो.

मापाडी

त्यात मोठ्या प्लेटची त्रिज्या मिळवा. 45 सेंमी व्यासाची प्लेट, म्हणजे 22.5 वर. झाले 234.5. मॅटचे 2. म्हणजे 236.5. पात्यापर्यंत 15-16 सेंमी. रेटून वर ढकलताना टाचा उचलल्या की तेही संपतात. पंख्याचा घेर 120 आहे असं धरतो, म्हणजे दक्षिण भिंतीपासून 90 पासून 210 पर्यंत तो डोक्यावर आहे. तुमचा बार रॅकच्या पुढच्या खांबांपाशी नेमका त्याच पट्ट्यात येतो.

छताचा पंखा काढून उत्तर भिंतीवर भिंतीचा पंखा लावा. किंवा खांद्याचा व्यायाम बेंचवर बसून करा, मग हा प्रश्नच येत नाही.

मुग्धा_धायरी

मी 157 सेंमी आहे, माझा पाइप पंख्यापासून पुष्कळ खाली राहतो. पण दोघांसाठी एकच खोली म्हणून भिंतीचा पंखा लावू. इलेक्ट्रिशियनला शनिवारी बोलावलंय.

गिरीश_ठाणे

ट्रेडमिल हॉलमध्ये गेली तर खोलीतले 176 सेंमी एकदम मोकळे होतात. मग रॅक पुन्हा पहिल्यासारखा पूर्वेला फिरवता येईल का? खिडकीकडे पाठ, दाराकडे तोंड.

मापाडी

येईल, 201 च्या बारला दोन्हीकडे 50-50 राहतील. पण का फिरवायचा? दक्षिणेला ठेवला तर 67 मिळतात, खिडकी उघडता येते, आणि दारातून आत आल्यावर बारचं टोक छातीच्या उंचीवर समोर येत नाही. रॅकसमोरच्या मोकळ्या जागेत जमिनीवरून बार उचलायचा व्यायाम करता येईल.

शिल्पा_फिजिओ

आणि ओंकार, बाबा हॉलला नाहीच म्हणाले तर पाठ टेकून बसायची व्यायामाची सायकल बघा. ती कुणाला मागे फेकत नाही, त्यामुळे 2 मीटरचा प्रश्न उरत नाही. चढायच्या बाजूला 60 सोडले की बस. मात्र चालण्याची जागा ती पूर्णपणे घेत नाही, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

ओंकार_धायरी

रॅक, 15 किलोचा बार, प्लेट आणि बेंच यांची ऑर्डर आज दिली. रॅक दक्षिण भिंतीला. जमिनीवरची चिकटपट्टी काढलेली नाही, सामान येईल तेव्हा फिटिंगवाल्याला तीच दाखवणार आहे.

ट्रेडमिल थांबवली आहे. हॉलमध्ये 175 बाय 76 च्या जागी वर्तमानपत्रं अंथरली आहेत आणि मागे 2 मीटरवर खुर्ची ठेवली आहे. बाबा सकाळपासून त्याच्या बाजूने जाताहेत आणि काही बोललेले नाहीत. रविवारी विचारतो.